भाडेकरू गेल्यावर घरच्यांना पत्र

प्रश्न: आमचे भाडेकरू अचानक वारले. एकटेच राहायचे. या महिन्याचं भाडं बाकी आहे, सामान खोलीत तसंच पडलंय. मुलगी परगावी असते. तिला पत्र कसं लिहू? कोरडंही वाटायला नको, हिशेबही अर्धवट राहायला नको.

उत्तर: दोन पत्रं करा. पहिल्यात फक्त सांत्वन आणि एवढंच, की खोलीला कुलूप आहे, काही हलवलेलं नाही, सावकाश या. हिशेबाचं पत्र आठ-दहा दिवसांनी.

त्या दुसऱ्या पत्रात "तुमच्याकडे बाकी आहे" असं लिहू नका. बाकी वडिलांची आहे. ती त्यांच्या डिपॉझिटमधून आणि मागे राहिलेल्या मालमत्तेतून फिटते. मुलगी जामीन राहिली नसेल, तर सहसा तिच्या खिशातून मागता येत नाही. म्हणून सुरुवात डिपॉझिटपासून करा. समजा ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकं आहे. त्यातून या महिन्याचं भाडं गेलं आणि विजेचं बिल पाव महिन्याच्या भाड्याएवढं आलं, तर पावणेदोन महिन्यांची रक्कम परत निघते. मीटरच्या आकड्याचा फोटो सोबत जोडा. तेच वाक्य मग असं होतं: "बाबांचं डिपॉझिट माझ्याकडे आहे. भाडं आणि वीजबिल वजा जाता उरलेली रक्कम परत करायची आहे." वाचणाऱ्याच्या छातीवरचं ओझं तिथेच उतरतं.

करार "आपोआप संपला" असंही लिहू नका. पुष्कळ ठिकाणी तो मृत्यूने संपत नाही, वारसांकडे जातो किंवा रीतसर नोटीस देऊन संपवावा लागतो. आधी करारातलं कलम वाचा. पत्रात विचारा, "खोली कधी रिकामी करणं जमेल? अमुक तारखेनंतरचं भाडं मी धरणार नाही." ती तारीख तुम्हाला परवडेल तीच घाला, नाहीतर पुढे मनात कुढाल.

सामानाच्या बाबतीत मी एकदा चुकलो आहे. पुतण्या म्हणून एक जण आला, रडत होता, मी कपाट उघडून दिलं. पंधरा दिवसांनी मुलगा आला आणि म्हणाला, "आईच्या बांगड्या होत्या त्यात." माझ्याकडे ना यादी, ना सही. आता मी दोन शेजाऱ्यांसमोर नाशवंत अन्न तेवढं काढतो, प्रत्येक खणाचा फोटो घेतो, यादीवर तिघांच्या सह्या घेतो आणि कुलूप लावतो. ती यादी पत्राला जोडा. सामान आणि डिपॉझिट कोणाकडे द्यायचं हे सगळ्या वारसांनी मिळून लेखी कळवावं, असं नम्रपणे लिहा. वाद दिसला, तर कायदेशीर कागद येईपर्यंत काहीच देऊ नका.

आणि हो, चष्मा, डायरी, फोटो या वस्तू यादीत "किरकोळ" म्हणून ढकलू नका, एकेक नावाने लिहा. मुलगी यादीत आधी त्याच शोधेल.