वेल्शमधला ll आणि आपला ‘ल’

प्रश्न: वेल्शमधला ll म्हणजे ‘ल’च ना? मग ध्वनिलिपीत ɬ, t͡ɬ अशी वेगळी चिन्हं कशाला?

‘ल’ नाही, ll चा ध्वनी ɬ आहे. जिभेचं टोक दोन्हींत दातांमागेच टेकतं आणि हवा कडेनेच जाते, पण ‘ल’ला ती वाट मोकळी असते. ɬ साठी जिभेची कड दाढांजवळ इतकी आणायची की हवा घासून बाहेर पडेल. करून बघा: ‘ल’ धरून ठेवा, जीभ न हलवता घशातला आवाज बंद करा आणि जोरात फुंका. गालाच्या बाजूने फस्स ऐकू आलं की जमलं. वेल्शमध्ये यानेच अर्थ बदलतो: lan [lan] म्हणजे वर, llan [ɬan] म्हणजे चर्च. घर्षण नसलेला नुसता अघोष ‘ल’ हवा असेल तर l̥ लिहा. हे दोन फार जण एकच समजतात. ɬ चा सघोष जोडीदार ɮ, झुलूत ɬ आणि ɮ दोन्ही आहेत.

t͡ɬ मध्ये आधी ‘त’सारखी हवा पूर्ण अडवायची, मग फक्त कडेने, घर्षणासह सोडायची. ‘नाहुआत्ल’ या भाषानामाच्या शेवटी मुळात हाच ध्वनी आहे. तो एकच व्यंजन आहे, म्हणून वर जोडकंस. [tl] लिहिलंत तर ‘त्’ आणि साधा ‘ल’ असे दोन ध्वनी होतात.