कोर्टाच्या तारखेसाठी रजा मागताना

प्रिय,

वाटपाच्या दाव्यात तारीख लागली म्हणून लगेच रजेचा अर्ज लिहायला बसू नकोस. आधी वकिलांना विचार, या तारखेला मी स्वतः हजर असणं गरजेचं आहे का? पक्षकार असलास तरी दिवाणी दाव्यातल्या बहुतेक तारखा वकिलांच्या हजेरीवर निभावतात. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्षही आता प्रतिज्ञापत्रावर होते. स्वतः उभं राहावं लागतं ते मुख्यतः उलटतपासाला, किंवा तडजोडीची बोलणी ठरली असतील तेव्हा. दर तारखेला रजा घेत गेलास, तर नेमक्या उलटतपासाच्या दिवशी रजा शिल्लक नसेल.

दुसऱ्याच्या दाव्यात साक्षीदार म्हणून समन्स आलं असेल तर मात्र जावंच लागतं. विनाकारण गैरहजर राहिलास तर कोर्ट वॉरंट काढू शकतं.

अर्ज मोजका लिही. सोलापुरात भावकीतलं कुणी ना कुणी तुझ्या ऑफिसातल्या माणसाच्या ओळखीचं निघतंच, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दावा क्रमांक टाकला की पक्षकारांची नावं आणि पुढची तारीख कुणालाही दिसते. म्हणून दावा क्रमांक, गट नंबर, काकांचं नाव यातलं काहीच अर्जात नको. एवढं पुरे:

‘दि. … रोजी सोलापूर येथील न्यायालयात दिवाणी प्रकरणी मला व्यक्तिशः हजर राहणे आवश्यक आहे. तरी त्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती. कामकाज अपूर्ण राहिल्यास पुढील तारीख त्याच दिवशी कळवीन.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. उलटतपास अर्धवट राहून पुढची तारीख पडणं नेहमीचं आहे. अर्ध्या दिवसाची रजाही मागू नकोस. सकाळी बोर्डावर नाव वर असलं तरी पुकारा दुपारनंतर होऊ शकतो.

पुरावा मागितला तर समन्स किंवा वकिलांचं पत्र साहेबांना समक्ष दाखव आणि परत घे. प्रत ठेवायचीच असेल तर झेरॉक्सवर पक्षकारांची नावं आणि दावा क्रमांक झाकून दे. कोर्टाचं नाव, तारीख आणि शिक्का दिसला की आस्थापना शाखेचं काम होतं. मूळ कागदावर काही खोडू नकोस. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त ‘रजेवर आहे’ एवढंच.

‘तब्येत बरी नाही’ असं मात्र चुकूनही लिहू नकोस. तुझी साक्ष झाल्याची नोंद त्या दिवशीच्या रोजनाम्यात होते. आजारपणाची रजा आणि रोजनामा एकाच तारखेचे निघाले, तर चौकशी तुझी होईल, आणि समोरच्या वकिलाला तुझ्या खरेपणावर बोट ठेवायला आयती संधी मिळेल. कमी सांगणं चालतं, खोटं सांगणं नाही.

सरकारी नोकरीत असशील तर स्वतःच्या मालमत्तेच्या दाव्याला ड्युटी धरत नाहीत. तिथे आपलीच रजा टाकावी लागते.

साक्ष संपली की निघण्याआधी वकिलांमार्फत हजेरीचा दाखला मागून घे. तो त्याच दिवशी सहज मिळतो, नंतर हेलपाटे पडतात.

तुझा हितचिंतक