भाड्याचं घर पूर किंवा दरडीच्या पट्ट्यात आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न: तळमजल्यावरचं एक घर आवडलंय. पुढे थोड्या अंतरावर नाला आहे आणि मागे टेकडी. मालक म्हणतात, इथे कधी काही झालेलं नाही. करारावर सही करण्याआधी हा पत्ता पूरप्रवण किंवा दरडप्रवण भागात येतो का, हे माझं मला कसं तपासता येईल?

उत्तर: मी जमीन मोजणीच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचे लोक नेहमी विचारतात. सरकारी नकाशा बघाच, पण आपला पत्ता रंगीत पट्ट्याच्या आत की बाहेर, एवढं बघून थांबू नका. पुराच्या बाबतीत खरा हिशोब आहे तो पाण्याची पातळी आणि घराची फरशी यांतल्या फरकाचा. दरडीच्या बाबतीत घराखालच्या जमिनीपेक्षा वरचा उतार महत्त्वाचा.

आधी पूर. पूरनकाशावर रेषा किती वर्षांच्या पुराची आहे ते वाचा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊन मग शांत बसणारा पूर नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते. तुम्ही तीन वर्षं राहणार असाल तर तुमच्या वाट्याला साधारण 3 टक्के. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी 4 टक्के, म्हणजे तीन वर्षांत 11 ते 12. घर विकत घेणाऱ्याने शंभर वर्षांच्या रेषेची काळजी करावी. भाडेकरूने आधी पंचवीस किंवा दहा वर्षांची रेषा शोधावी. बऱ्याच नकाशांवर दोन्ही असतात, आणि लोक बाहेरची मोठी रेषा बघून एकतर घाबरतात नाहीतर दुर्लक्ष करतात.

आता आकडे घालून बघू. समजा नकाशावर तुमच्या गल्लीजवळ पंचवीस वर्षांच्या पुराची पातळी 551.5 मीटर लिहिली आहे आणि घरासमोरच्या रस्त्याची उंची 550.8. रस्त्यावर 70 सेंटिमीटर पाणी. दाराशी प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या चार पायऱ्या असतील, तर फरशी 551.4 वर येते. म्हणजे घरात 10 सेंटिमीटर पाणी: गाद्या, फ्रिज आणि खालच्या कप्प्यातली कागदपत्रं गेली. त्याच इमारतीत पहिला मजला कोरडा राहील. पण गल्लीच्या तोंडाशी रस्ता 549.9 पर्यंत खाली उतरत असेल, तर तिथे 1.6 मीटर पाणी असेल आणि घर कोरडं असूनही तुम्ही अडकाल. म्हणून घरासोबत बाहेर पडण्याच्या वाटेवरची सगळ्यात खोलगट जागाही तपासा. घरात म्हातारं माणूस असेल तर ती आधी.

हे आकडे मोबाईलवरून घेऊ नका. फोन समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, तीत सहज काही मीटरची चूक असते. इथे आपलं भांडण सेंटिमीटरशी आहे. फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीही साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एक आकडा देते, आणि पुष्कळदा त्यात छपरं नि झाडांचे शेंडे मिसळलेले असतात.

नकाशावर पातळी दिलेलीच नसेल तर गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरा. पारदर्शक नळी पाण्याने भरा, बुडबुडे काढा. शेजारच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असेल तिथे एक टोक धरा, दुसरं तुमच्या दाराशी. दोन्ही टोकं उघडी हवीत. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं. खुणेपाशी पाणी खुणेला भिडलं की दाराशी ते फरशीच्या वर आहे की खाली, ते पट्टीने मोजा. कोपऱ्यापलीकडेसुद्धा हे जमतं.

खूण शोधायची कुठे? रंग दिलेली दर्शनी भिंत काही सांगत नाही. जिन्याखालची भिंत, कंपाउंडची आतली बाजू, मीटरच्या पेटीचा तळ बघा. एका सरळ रेषेत मळकट पट्टा किंवा पेटीच्या कोपऱ्यात सुकलेला बारीक गाळ दिसला, तर तिथवर पाणी चढलेलं असण्याची शक्यता मोठी. पूर्ण इमारतीत वीजमीटर डोक्याच्या वर सरकवलेले असतील तर कारण विचारा. आणि हे मालकाला नाही, शेजारच्या तळमजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. ‘इथे पाणी येतं का?’ असं विचारलं की ‘नाही हो’ ऐकायला मिळतं. ‘गेल्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारलं की माणूस हाताने उंची दाखवतो.

एक गोष्ट पूरनकाशात बहुतेक वेळा नसते: तुंबलेल्या गटाराचं पाणी. ते नकाशे मुख्यतः नदी-नाल्याच्या पात्राबाहेर पडणाऱ्या पाण्याचे असतात. रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण तुमच्या न्हाणीघराच्या जाळीपेक्षा उंच असेल, तर लाइन तुंबल्यावर घाण पाणी आधी जाळीतून वर येईल, दारातून नव्हे.

आता टेकडी. दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे बरेचदा 1:50,000 प्रमाणाचे असतात, म्हणजे नकाशावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 50 मीटर. रेषा तुमच्या इमारतीच्या अलीकडून गेली की पलीकडून, हे त्यावर ठरवू नका. रंगाजवळ आहात एवढं कळलं तरी पुरे. मग अंतर स्वतः मोजा. जपानच्या कायद्यात यासाठी सुटसुटीत नियम आहे: उतार 30 अंश किंवा जास्त आणि उंची 5 मीटर किंवा जास्त असेल, तर पायथ्यापासून उंचीच्या दुप्पट अंतर (कमाल 50 मीटर) आणि माथ्याकडे 10 मीटर एवढा पट्टा धोक्याचा धरतात. तुमच्या मागची कडा 12 मीटर उंच असेल तर पायथ्यापासून 24 मीटर. घर 15 मीटरवर असेल तर ते आत आलं, नकाशा काहीही म्हणो.

मात्र हा नियम सरळ कोसळणाऱ्या कड्यापुरताच. अरुंद घळीतून चिखल-दगडांचा लोट उतरला तर तो घळीच्या तोंडातून पुढे पंख्यासारखा पसरतो आणि खूप लांब जातो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे 2014 साली सरकलेला डोंगर दरी ओलांडून एक किलोमीटरपर्यंत गेला आणि 43 माणसं गेली. म्हणून घर घळीच्या तोंडासमोर आहे का, हे उपग्रह चित्रावर नक्की बघा. आजूबाजूला सुटे मोठे दगड मातीत अर्धवट रुतलेले दिसले तर ते कुठून आले, हा प्रश्न स्वतःला विचारा.

शक्य असेल तर उतारावर चढून जा. माथ्याजवळ धनुष्यासारखी वळलेली भेग दिसली किंवा घरामागची आधारभिंत मध्येच फुगलेली असली, तर मी ते घर सोडून देईन. भिंतीतली पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली असतील तर तेही वाईटच, कारण मागे साठलेलं पाणीच भिंत ढकलतं. ती मालकाला साफ करायला सांगता येतात. भेग मात्र कोणीच दुरुस्त करून देणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे दोन्ही प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं उलट दिशेची आहेत. पुरासाठी वरचा मजला मागाल, तर दरडीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे टेकडीपासून लांबची इमारतच हवी. आधी मागचं अंतर मोजा. त्यात घर पास झालं तरच लेव्हल ट्यूब घेऊन दाराशी जा.