टीममध्ये एकटी मुलगी, चहाला कोणी बोलावत नाही

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत नोकरी लागून सव्वा महिना झाला. मेंटेनन्स टीममध्ये मी एकटीच मुलगी आहे. सगळे चहाला, जेवायला एकत्र जातात, मला कोणी विचारत नाही. आपणहून जावं की गप्प आपलं काम करावं?

मी याच पट्ट्यात, एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला लागले तेव्हा नऊ पुरुष आणि मी अशी टीम होती. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने यायचे. पहिले दोन महिने मीही मान खाली घालून मशीनचा चहा प्यायले. मला वाटायचं, प्रश्न फक्त एकटेपणाचा आहे आणि तेवढं सोसता येतं. मग पंपाचं प्रकरण झालं.

दोन नंबरच्या पंपाचं सील गळत होतं. गुरुवारी लाइन बंद करून ते बदलायचं ठरलं होतं आणि काम माझ्याकडे होतं. मी ठेकेदाराचे दोन फिटर सांगून ठेवले, त्यांचे गेटपास काढले, स्टोअरमधून सील उचललं. गुरुवारी सकाळी परमिटवर सही घ्यायला गेले तर प्रॉडक्शनवाला म्हणतो, "मॅडम, बॅच लांबली ना, शनिवारी करायचं ठरलंय." कधी ठरलं? काल चारच्या चहाला. आमचे सुपरवायझर आणि तो टपरीवर बोलले होते. कोणी मुद्दाम लपवलं नव्हतं. ऐकणारे सगळे तिथेच होते, त्यामुळे वेगळं कळवायचं कुणाला सुचलंच नाही. दोन माणसांची हजेरी फुकट गेली आणि नाव माझं खराब झालं.

त्या दिवसापासून मी डायरीच्या मागच्या पानावर लिहायला लागले: कामाची कुठली गोष्ट मला उशिरा कळली आणि ती कुठे ठरली होती. दोन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या. पाच टपरीवरच्या, एक जिन्यातली. जेवणाच्या टेबलावरची एकही नाही! जेवताना एकटं बसण्याचं मला सगळ्यात जास्त लागायचं, पण तिथे क्रिकेट आणि गावच्या जमिनी यापलीकडे काही चालत नव्हतं. तुम्हीही आधी हे लिहून बघा. नाहीतर आपण चुकीच्या टेबलासाठी जीव काढतो.

आता टपरीच का? केमिकल कारखान्यात काडेपेटी, लायटर गेटवर जमा करावे लागतात. ज्याला सिगारेट ओढायची तो गेटबाहेर जाणार, त्याच्यामागे चहा बाहेर जाणार आणि चहामागे बाकीचे. बोलावणं असं कोणालाच नसतं. एकजण हेल्मेट टेबलावर ठेवतो, "चला" म्हणतो, बाकीचे उठतात. मी मात्र माझं नाव घेऊन कोणी बोलावेल म्हणून वाट बघत बसले होते.

इथे मी एक मोठी चूक केली. मॅनेजरना सांगितलं, "सर, मला चहाला नेत नाहीत." त्यांनी सगळ्यांसमोर फर्मान सोडलं, "अरे, मॅडमना पण न्या रे." दोन दिवस मला पाहुण्यासारखं नेलं. माझ्यासाठी कुठून तरी खुर्ची आणली, सगळे उभ्याने गप्प चहा प्यायले. तिसऱ्या दिवसापासून ते मला चुकवून मागच्या जिन्याने जायला लागले.

शेवटी आमच्या सर्वात जुन्या फिटरना, सगळे त्यांना काका म्हणतात, कामाच्या वेळी एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, "पोरी, बाहेर टपरीवर लोक उभे असतात, पोरं सिगारेट ओढतात, तोंडाला लगाम नसतो. तुला नेलं आणि कोणी काही बोललं तर? त्यापेक्षा नकोच." म्हणजे माझी काळजीही होती आणि त्यांची स्वतःची अडचणही. शिवाय एकट्याने मला चहाला विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच थट्टा होणार, म्हणून कोणीच विचारत नव्हतं.

मग मी चहाला जाणं सोडून कामाचं बोलणं घेऊन जायला लागले. साडेदहाला कोणी उठला की "शनिवारच्या गॅस्केटचं काय झालं?" असं विचारत सोबत चालायला लागायचं. बोलणं अर्धवट असलं की माणूस गेटपाशी तोडत नाही, आपण आपोआप टपरीवर पोचतो. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. कटिंग संपली की परत. सुरुवातीला मी पोचताच बोलणं थांबायचं, ते साधारण पंधरा दिवस चाललं. त्या काळात न आवडणाऱ्या विनोदावर हसून दाखवू नका, आणि भाषणही देऊ नका. मी मोबाइल बघायचे. एकदा मात्र "हे माझ्यासमोर नको" असं सरळ म्हणाले आणि ते पुरलं.

पैशाची गंमत वेगळीच. आमच्याकडे चहाचे पैसे आळीपाळीने एकजण देतो. माझी पाळी येऊच देईनात, टपरीवाल्याला सांगून ठेवलेलं, "मॅडमचे घेऊ नको." ज्याची पाळी लागत नाही तो पाहुणाच राहतो. म्हणून एकदा सकाळी येतानाच त्याच्याकडे दहा कटिंगचे पैसे देऊन ठेवले. चार वाजता तो म्हणाला, "आजचे मिळाले, मॅडमकडून." थोडी कुरकुर झाली, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी आपणहून म्हणालं, "आज मॅडमची पाळी ना?"

याउलट घरून सगळ्यांसाठी काही करून नेऊ नका. मी एकदा शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी नेली. पुढे दर शुक्रवारी डबा माझ्याकडून, मग वाढदिवसाची वर्गणी, केक, निरोप समारंभाची शालसुद्धा माझ्याकडे. शटडाउनची तारीख तरीही मला कळत नव्हतीच.

जेवणाचा तोडगा सोपा निघाला. भरलेल्या टेबलापाशी डबा घेऊन उभं राहिलं की सगळ्यांनाच अवघडतं. मी पाच मिनिटं आधी जाऊन रिकाम्या मोठ्या टेबलाच्या टोकाला बसायला लागले. नंतर येणाऱ्यांना बसावंच लागतं.

मॅनेजरकडे मी पुन्हा गेले, पण डायरी घेऊन. चहाचा शब्द काढला नाही. पंपाचा खर्च दाखवला आणि म्हटलं, शटडाउनची तारीख बदलली की ती बोर्डवर लिहिल्याशिवाय बदलली असं धरू नये. त्यांना ते लगेच पटलं, कारण नाइट शिफ्टवाल्यांचीही तीच तक्रार होती.

हे सगळं अवघडलेपणासाठी. मुद्दाम टाळत असतील तर ते वेगळं दिसतं: तुम्ही जाऊन उभ्या राहिलात तरी जागा करत नाहीत, कामाचं सरळ विचारलं तरी उत्तर मिळत नाही, आणि तुमच्यानंतर आलेला मुलगा मात्र तिसऱ्या दिवशी टपरीवर असतो. तिथे गोडीगुलाबी वाया जाते, तारखांसकट लेखी द्या. चहाला न बोलावणं एवढ्यावरून लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्याखाली तक्रार होत नाही. पण त्यासोबत अश्लील शेरे, खुणा, अंगचटीला येणं असेल तर होते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. तोवर थांबून बघू म्हणू नका.

माझ्याकडे तेवढं झालं नाही. शनिवार रात्रीच्या त्यांच्या पार्ट्यांना मला अजूनही बोलावत नाहीत. पण मागच्या महिन्यात बॉयलरच्या तपासणीची तारीख पुढे गेली, तेव्हा मी ठाण्याला गाडीत होते. काकांचा फोन आला, "पोरी, उद्याचं रद्द, बोर्डवर लिहिलंय, पण म्हटलं सांगून ठेवावं."