पौर्णिमेची पायरी, आठमीचा चिखल

प्रिय,

तुझी गोष्ट दोनदा वाचली. वसंता आक्काला खोटं सांगतो त्या पानाशी मी दोन्ही वेळा अडखळलो. मुंबईच्या माणसाकडून कलमांच्या बागेचा विसार घेऊन तो घरी येतो, आक्का विचारते, "दुपारभर कुठे होतास?" आणि तू लिहितेस : 'वसंताने नजर चुकवली. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, बँकेत.' इथे वाचकाला कळतं हे खरं, पण मग आक्कालाही कळायला हवं. तिला डोळे नाहीत का? एवढं बघूनही ती गप्प राहते, म्हणजे तू तिला बावळट ठरवलंस.

शिवाय घाम आणि नजर या खुणा लेखकांनी एकमेकांकडून उचललेल्या आहेत. बॉन्ड आणि डीपॉलो या संशोधकांनी 2006 साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बोलणाऱ्याकडे बघून खरं-खोटं ओळखणारी माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आलेच असते. आमची आत्या संकष्टीला बांगडा खाऊन यायची आणि आजीच्या डोळ्यांत बघून 'उपास आहे' म्हणायची. नजर काय चुकवायची तिने!

तेव्हा आधी वसंताचं खोटं चांगलं कर. तुझा वसंता नुसतं 'बँकेत' म्हणून थांबतो. खोटं पचवणारा माणूस असं उघडंबोडकं खोटं बोलत नाही. तो स्वतःचाच एखादा खरा दिवस उचलून आणतो. तुझ्याच गोष्टीत तो आठवड्यापूर्वी, पौर्णिमेला, तरीने, म्हणजे माणसं पार करणाऱ्या होडीने, खाडीपलीकडे बँकेत गेलेला आहे. साहेब जेवायला गेलेले, पंखा बंद, दीड तास बाकावर. तोच दिवस त्याने आज, आठमीला, आक्कापुढे ठेवावा. त्यात एकही गोष्ट रचलेली नाही, म्हणून आवाज कापायचं कारण नाही आणि आक्काने उलट विचारलं तरी तो अडणार नाही. फक्त तारीख बदललीय.

आता खूण. त्याने दिवस उचलला की त्या दिवसाची भरतीही सोबत येते. तू खाडीकाठची आहेस, तुला हे सांगायला नको, पण वाचक साताऱ्याचाही असेल म्हणून नीट मांडतो. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती असते, आणि ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे आठमीला भरती जाते सकाळ-संध्याकाळवर आणि ऐन दुपारी सुकती. पौर्णिमेला बाराला वरच्या पायरीला लागणारी तर आठमीला त्याच वेळी खाली चिखलात थांबते. वसंताचं खोटं नेमकं इथे उघडं पडू शकतं, आणि ते उघडं पाडणारा तपशील अगदी खराच असतो, फक्त दुसऱ्या तिथीचा.

मी तो उतारा असा लिहीन :

"कुठे होतास दुपारभर?"
"बँकेत गो. बाराची तर मिळाली, अगदी वरच्या पायरीला लागली, चप्पलसुद्धा भिजली नाही. पण जाऊन उपयोग काय, साहेब जेवायला. पंखा बंद, दीड तास बसवून ठेवलं."
"मग जेवलास कुठे?"
"स्टँडवर वडापाव खाल्ला."
"वडापावाने काय होतंय," म्हणत आक्काने सौंदाळ्याची आमटी परत चुलीवर ठेवली.

पायरी कुठे आहे बघ. ती बोलण्याच्या सुरुवातीला आहे, तिच्यावर साहेब, पंखा आणि दीड तास येऊन पडलेत. शेवटी ठेवली असतीस तर ती घंटेसारखी वाजली असती. आणि आक्काचा पुढचा प्रश्न जेवणाचा आहे. ती पुण्याहून आलेली थोरली बहीण, धाकट्याच्या पोटाची काळजी हे तिचं आंधळेपण. तिला फसायला तेवढं पुरतं, तिला बावळट करायची गरज पडत नाही.

पण वाचकाला ही भरती-सुकती आधी मिळायला हवी, आणि इथेच तुझी खरी मेहनत आहे. गोष्ट आक्काच्या नजरेतून चालते, ते बरंच आहे. वसंताच्या मनात शिरलो असतो तर विसाराची गोष्ट लपवणं ही लेखकाचीच लबाडी झाली असती. म्हणजे आक्काला जे ऐकू येतं तेच वाचकाला. मग तिला ऐकू दे. सकाळी ती सौंदाळे घेते तो प्रसंग तुझ्याकडे आहेच. तिथे मासेवाली पैशांची घाई करते, ती का करते ते तू लिहिलेलं नाहीस. तिला म्हणू दे, "काढ बाय बेगीन पैशे. आज आठम न्हय? दुपारी पाणी खय असताला, तर खाली चिखलात लागतली. आता गेलंय नाय तर सांजच्या भरतीचीच वाट बघूची." आक्का तेव्हा वाट्यातले मासे मोजतेय, एक वाढवून मागतेय. तिने ऐकलं, पण मनात राहिलं नाही. वाचकाच्या राहिलं, अर्धवट. हे वाक्य तिथे मासेवालीच्या घाईसाठी आलंय, वसंतासाठी नाही, म्हणून ते पेरलेलं वाटत नाही.

एक सावधगिरी. हौसेने 'खाडी कोरडी पडली' असं लिहू नकोस. आठमीला भांग असतो, पाणी उधाणासारखं भरतही नाही आणि तितकं सुकतही नाही. तर चालू राहते, चार पायऱ्या उघड्या पडतात आणि घोटाभर चिखल तुडवावा लागतो, इतकंच. म्हणजे वसंता दुपारी पलीकडे जाऊन आला असता हे शक्यच आहे. चप्पल न भिजवता मात्र नाही. हा फरक बारीक आहे म्हणूनच कामाचा. वाचकाला पुरावा मिळत नाही, काहीतरी खटकतं, आणि खटकण्यावर तो पुढची सहा पानं वाचतो.

तुझा हात शिवशिवेल हे मला ठाऊक आहे. वसंता बोलून गेल्यावर 'आक्काला क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं' असं एक वाक्य टाकावंसं वाटेल. टाकू नकोस. त्याच्या पायाला बागेतली तांबडी मातीही लावू नकोस, मागच्या खर्ड्यात लावली होतीस ती पूस. दोन खुणा झाल्या की वाचक वसंताकडे बघायचं सोडून खुणा मोजायला लागतो.

जमलं की नाही हे स्वतः वाचून कळणार नाही, कारण तुला आठम माहीत आहे. दोघांना वाचायला दे, एक किनाऱ्यावरचा आणि एक घाटावरचा. एवढंच विचार, वसंता दुपारी कुठे होता? 'बँकेत' असं निवांत उत्तर आलं तर मासेवालीचं बोलणं फार पुसट झालंय. ते वर आण, किंवा दोन प्रसंगांमधली पानं कमी कर. 'खोटारडा आहे, आज आठम ना' असं ताडकन आलं तर फार ठळक झालंय. किनाऱ्यावरच्याने ओळखलं आणि घाटावरचा 'बँकेत म्हणाला खरा, पण…' असं म्हणून मागचं पान उलटायला लागला, तर त्या पानाला पुन्हा हात लावू नकोस.

आणि वसंता बँकेत गेला तो दिवस पौर्णिमेचा आहे हे पान तीनवर कुठेच येत नाही. तिथे देवळातला पौर्णिमेचा नैवेद्य वगैरे काहीतरी घाल, आणि तो घरी आला तेव्हा त्याची चप्पल पडवीत कोरडी होती तेही. पंचांग उघडून दोन्ही दिवस बँकेचे कामाचे आहेत ना तेवढं बघ. मागच्या गोष्टीत तुझा रविवार निघाला होता.

तुझा,
काका