मशीन थांबलेली दिसते, पण केव्हा?

प्र. मशीन किती वेळ थांबते हे फेऱ्या मारून, दर फेरीला चालू की बंद अशी नोंद करून मोजायचं, तर शंभर नोंदी पुरतात का?

नाही. मशीन साधारण 30 टक्के वेळ थांबत असेल, तर 100 नोंदींवरून आलेला आकडा 9 टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. 400 नोंदी घेतल्यात तर तोच फरक साडेचारवर येतो. चूक निम्मी करायची तर नोंदी चौपट लागतात.

प्र. वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं शॉप आहे. दर तासाच्या ठोक्याला फेरी मारतो, तर निम्म्याहून जास्त वेळा सीएनसी थांबलेलीच दिसते. ऑपरेटर म्हणतो तसं नाही. खरं कुणाचं?

बहुधा ऑपरेटरचं. हे पत्र महिन्याला एकदा तरी येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रबाळ्यातल्या एका शॉपमध्ये अशीच फेरी चालायची. रोज आठ नोंदी, नऊ दिवस. 72 पैकी 41 वेळा मशीन बंद, म्हणजे 57 टक्के. मालक ऑपरेटरवर भडकले होते. मी एक दिवस मशीनपाशी उभा राहिलो. बरोबर अकराला ऑपरेटरने मशीन थांबवलं, जॉब काढला, पुसला आणि गेज लावायला क्वालिटीच्या टेबलावर नेला. बाराला पुन्हा तेच. तासाला एक जॉब तपासायचा, हा नियम मालकांनीच घालून दिलेला! फेरी आणि तपासणी एकाच ठोक्याला. त्या वेळी मशीन बंद दिसणारच.

मग वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काढल्या. शिफ्टची 480 मिनिटं धरून एक्सेलमध्ये `=RANDBETWEEN(1,480)` टाकलं, जेवणाच्या सुट्टीतली मिनिटं गाळली आणि रोजच्या वीस वेळा क्रमाने लावल्या. आकडे लगेच दुसरीकडे 'पेस्ट व्हॅल्यूज'ने पेस्ट करून ठेवा, शीट हलली की ते बदलतात. 20 दिवसांत 400 नोंदी झाल्या, त्यांत 112 वेळा मशीन बंद. 28 टक्के.

यातही लोक वाट चुकतात. 2 वाजून 37 मिनिटांची वेळ निघाली आणि तेव्हा फोन चालू होता, म्हणून पावणेतीनला जाऊन आले. असं करू नका, 'हुकली' असं लिहा. सवडीने गेलात की पुन्हा तुमच्याच सवयीची वेळ मोजली जाते. नोंद पहिल्या नजरेची, एकाच ठरलेल्या जागेवरून. 'आता सुरू करतोय साहेब' हे ऐकून खोडायची नाही.

निष्कर्ष काढण्याआधी कागद एखाद्या इंडस्ट्रियल इंजिनिअरला दाखवा.

प्र. एक विक्रेता म्हणतो सेन्सर लावा, फेऱ्याच नकोत.

सेन्सर सांगेल मशीन बंद आहे. इन्सर्ट बदलतायत, क्रेनची वाट बघतायत की ड्रॉइंगच आलं नाही, हे त्याला कसं कळणार? विक्रेत्याला आधी हेच विचारा. सही त्यानंतर.

प्र. या आकड्यांवरून एका ऑपरेटरला नोटीस देता येईल?

नाही. हा आकडा मशीनचा आहे, त्याच्या एकट्याच्या वाट्याला नोंदी फार थोड्या येतात. तरीही द्यायचीच असेल तर आधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला भेटा.