पहिल्या मेसेजमध्ये आकडा नको

"घरखर्च आणि बचत दोघांत कशी वाटून घ्यायची, हे नवऱ्याशी बोलायचंय. समोर विषय काढायला जमत नाही, म्हणून मेसेज करावा म्हणते. पण त्याला टोचणार नाही असा कसा लिहू?"

मेसेज जरूर करा, पण त्या मेसेजकडून एकच काम करून घ्या: बोलायला बसायची वेळ ठरवणं. हिशोब फोनवर सुरू केला की तिथेच बिघडतो. तुम्ही शांतपणे लिहिलेलं तो कामाच्या गडबडीत वाचेल की दमून घरी येताना, हे आपल्या हातात नसतं.

मी हे चूक करून शिकले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही हे पाहून एका रात्री मी नवऱ्याला लिहिलं, "या महिन्यात किराणा, वीजबिल, गॅस सगळं मीच भरलंय. असं किती दिवस चालणार?" खाली बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट. तो शेजारच्या खोलीत होता. तिथून उत्तर आलं, "आणि घराचा हप्ता कोण भरतं?" पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पण माझ्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखं काही नव्हतं, तो आरोप होता, आणि आरोपाला माणूस हिशोबानेच उत्तर देतो.

काही महिन्यांनी पाठवलेला दुसरा मेसेज असा होता:

"एक गोष्ट मनात आहे. भांडण नाही. आपल्या घरात पैसे कुठून येतात, कुठे जातात, याचं पूर्ण चित्र माझ्यासमोर नाही आणि त्याची मला थोडी धास्ती वाटते. रविवारी सकाळी आवरून झाल्यावर अर्धा तास बसून दोघं नुसती यादी करूया का? त्या दिवशी काही ठरवायचं नाही. रविवार जमत नसेल तर तुला कधी बरं पडेल ते सांग."

यातलं "धास्ती वाटते" हे माझ्याबद्दल आहे, त्यामुळे त्यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. पण सगळ्यात जास्त काम केलं ते "काही ठरवायचं नाही" या वाक्याने. बहुतेकांना पैशाच्या बोलण्याची भीती वाटते ती त्याच दिवशी काहीतरी कबूल करावं लागेल म्हणून. यादीला कोणी सहसा नाही म्हणत नाही.

पाठवण्याआधी मेसेज एकदा फक्त 'च' शोधत वाचा. "मीच भरते", "तूच ठरवतोस", "कधीच विचारत नाहीस". हे एक अक्षर आपल्या भाषेत बोट रोखायचं काम करतं. ते काढलं की वाक्य जागच्या जागी मऊ होतं. "किराणा मी भरते" ही नुसती माहिती आहे. भांडणानंतर, किंवा मोठं बिल आलं त्या दिवशी पाठवू नका. एखादा साधा, काही न घडलेला दिवस निवडा.

त्याचं उत्तर "का, काय झालं?" असं आलं तर "काही झालं नाही, बसल्यावर सांगते" एवढं पुरे. फोनवर खुलासे करायला लागलात की वेळ ठरायची राहून जाते. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं आलं तर मी लिहीन, "विश्वास आहे. आपल्या घराचं मलाही सगळं माहीत असावं, एवढंच वाटतं." उत्तर आलं नाही तर दोन-तीन दिवस थांबा, मग समोर एकदा विचारा, "रविवार चालेल का?" दुसरा मेसेज मात्र नको, तो तगाद्यासारखा वाटतो.

आता त्या यादीबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे कळते. प्रत्येक खर्चापुढे कोण भरतं हे आपण लिहितोच. त्याशेजारी आणखी एक रकाना करा: यातून मागे काय उरतं, आणि कोणाच्या नावावर? आमच्या वहीत तो रकाना भरताना आम्ही दोघंही गप्प झालो. माझा पगार किराणा, बिलं, औषधं यांत, म्हणजे महिन्याच्या महिन्याला संपणाऱ्या गोष्टींत जात होता. त्याचा पगार घराच्या हप्त्यात आणि मुदत ठेवीत, म्हणजे साठणाऱ्या गोष्टींत, आणि त्या दोन्ही त्याच्या नावावर. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. हप्ता आधीपासून त्याच्या खात्यातून जायचा आणि घरातलं सामान मी आणायचे, एवढ्यावरून ते पडत गेलं. महिन्याला दोघं जवळपास सारखं भरत असतानाही दहा वर्षांनी एकाकडे घर आणि ठेव असती, दुसरीकडे फक्त पावत्या.

म्हणून खर्च वाटताना "हे तुझं, हे माझं" असं वाटू नका. सगळा सामायिक खर्च एकत्र करा आणि दोघांनी त्यात कमाईच्या प्रमाणात घाला. समजा दोघांची मिळून कमाई 100, त्यात त्याची 60 आणि तुमची 40. हप्ता धरून सामायिक खर्च 50. निम्मं-निम्मं केलं तर दोघांचे 25 जातात. त्याच्याकडे 35 उरतात, तुमच्याकडे 15. दिसायला समान, पण तुमची अर्ध्याहून जास्त कमाई गेली. प्रमाणात केलं तर तो 30 भरतो आणि तुम्ही 20, म्हणजे दोघांचीही निम्मी कमाई. सामायिक बचत 10 ठरवली तर तीही तशीच, त्याचे 6 आणि तुमचे 4, पण दोघांच्या नावावर. उरलेले 24 आणि 16 ज्याचे त्याचे, त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

हप्ता सामायिक धरणार असाल तर घराच्या कागदावरही दोघांची नावं हवीत. ते होणार नसेल तर ज्याच्या नावावर घर, त्याने हप्ता आपल्या उरलेल्या पैशातून भरावा. हा मुद्दा तिसऱ्या-चौथ्या बैठकीचा आहे, पहिल्या रविवारी काढू नका.

आम्ही एक संयुक्त खातं उघडलं. पगार झाला की आपापला वाटा त्यात टाकतो, बिलं आणि हप्ता तिथून जातात. बचतही त्याच दिवशी बाजूला काढतो, कारण महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हटलं की काही उरत नाही. आधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी, मग बाकीचं. कोणाचा पगार बदलला की प्रमाण नव्याने मांडतो. मधले काही महिने माझी नोकरी नव्हती तेव्हा भरणारा तो एकटा होता, पण बचत दोघांच्या नावावर होत राहिली आणि हातखर्चाचे पैसे दोघांच्याही खात्यात येत राहिले. घरी असणाऱ्या माणसाला हे मिळालं नाही तर प्रमाणाचा हिशोब कागदावर बरोबर असूनही त्याच्या हातात काही राहत नाही.

मऊ शब्दांनी होणारं काम एवढंच आहे. नवरा आपली कमाई किंवा कर्ज सांगायलाही तयार नसेल, तुमचं कार्ड स्वतःकडे ठेवत असेल, किंवा तुम्हाला खर्च केलेल्या प्रत्येक पैशाचा जाब द्यावा लागत असेल, तर मेसेज कसा लिहावा हा प्रश्न उरत नाही. मग आधी तुमचं स्वतंत्र खातं चालू ठेवा, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती आपल्याकडे घ्या, आणि ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाला हे सांगून ठेवा.